देणाऱ्याचे क्रियापद आणि घेणाऱ्याचे क्रियापद

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्यावर त्याच्या संस्थेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी आली. मुलगा कष्टाळू आणि कामात चोख होता. संस्थेकडे स्वतःची ध्वनियंत्रणा नव्हती, म्हणून जवळच्या एका महाविद्यालयाकडून दोन माइक आणि एक स्पीकर दोन दिवसांसाठी उसने मागावेत असे ठरले. महाविद्यालयाचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असे, त्यामुळे त्याने इंग्रजीत ई-मेल लिहिला. त्यातील मुख्य वाक्ये तीनच होती. मी ती येथे देवनागरीत उतरवतो :

‘वी वुड लाइक टु लेंड टू माइक्स अँड वन स्पीकर फॉर टू डेज. अवर बॉय विल ब्रिंग देम ऑन फ्रायडे मॉर्निंग. युअर क्लार्क सेड मी अबाउट द डिपॉझिट.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. महाविद्यालयाने अत्यंत सौजन्याने आभार मानले होते आणि कळवले होते की, आमच्याकडे स्वतःची यंत्रणा असल्याने सध्या आम्हांस गरज नाही. हा नकार आहे असे समजून मुलाने दुसरीकडे शोधाशोध केली, पण काही मिळाले नाही. अखेर शनिवारचे स्नेहसंमेलन हातातल्या एका लहानशा भोंग्यावर उरकावे लागले. पुढे कधीतरी महाविद्यालयातील त्या गृहस्थांची आणि त्याची गाठ पडली, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी ई-मेल वाचला तो असा : ही संस्था आपल्याला दोन माइक आणि एक स्पीकर दोन दिवसांसाठी देऊ इच्छिते, आणि तिचा मुलगा ते शुक्रवारी सकाळी आपल्याकडे आणून देणार आहे. अनामत रकमेचे वाक्य त्यांना नीट लागले नव्हते, पण त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. मागणाऱ्याला त्यांनी देणारा समजले आणि त्याचे आभार मानले.

त्या मुलाने ई-मेल मला दाखवला तेव्हा मी प्रथम ‘लेंड’वर बोट ठेवले. मग लक्षात आले की, एकटे ‘लेंड’ असते तर कदाचित निभावले असते. एखादा चाणाक्ष वाचक थबकला असता, फोन करून विचारले असते. परंतु पाठोपाठ आलेल्या ‘ब्रिंग’ने चुकीच्या अर्थाला दुजोरा दिला. दोन चुका एकाच दिशेने उभ्या राहिल्या की वाचकाला शंका घेण्यास जागाच उरत नाही. म्हणून या तीन वाक्यांतील तीन क्रियापदे, आणि त्यांची जी जोडीदार क्रियापदे तेथे असावयास हवी होती ती, येथे जरा सावकाश पाहावयाची आहेत.

प्रथम ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. शब्दकोश सांगतो की, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे आणि ‘लेंड’ म्हणजे उसने देणे. अर्थ अगदी बरोबर आहे, आणि गोंधळाचे मूळही नेमके त्यातच आहे. मराठीत व्यवहाराचे नाव ‘उसने’ हा शब्द सांगतो, तर व्यवहाराची दिशा ‘घेणे’ आणि ‘देणे’ ही क्रियापदे सांगतात. पुस्तक उसने घेतले, पुस्तक उसने दिले; साखर उसनी आणली, साखर उसनी दिली. ‘उसना’ हा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच राहतो. कर्जाचेही तसेच आहे. कर्ज काढणारा एक, देणारा दुसरा, पण ‘कर्ज’ शब्द एकच. इंग्रजीत मात्र व्यवहाराचे नाव आणि दिशा ही दोन्ही एकाच शब्दात मुरलेली असतात. ‘बॉरो’मधून घेणे वेगळे काढता येत नाही, आणि ‘लेंड’मधून देणे वेगळे काढता येत नाही. मराठी मनाला ‘उसने’ एवढा भाग ओळखीचा वाटतो. तो ऐकू आला की समोर आलेल्या दोन इंग्रजी शब्दांपैकी कोणताही एक उचलला जातो, कारण दिशा पुढच्या शब्दाने सांगावयाची असते अशी आपल्याला सवय असते.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. जर्मन भाषेत ‘लाइएन’ हे एकच क्रियापद उसने देणे आणि उसने घेणे या दोन्ही अर्थांनी चालते, दिशा वाक्याच्या बाकीच्या रचनेवरून समजते. त्यामुळे जर्मन विद्यार्थ्यांनाही इंग्रजीत याच जागी ठेच लागते. खुद्द इंग्रजीच्या काही बोलींत ‘बॉरो मी युअर पेन’ असे म्हणणारे लोक आहेत. पण कार्यालयीन पत्रात ते चालत नाही.

यावर माझ्या वर्गात टिकलेला एकच उपाय आहे. वाक्याचा कर्ता कोण ते पाहावे आणि त्याचा हात कोणत्या बाजूला आहे ते विचारावे. वस्तू कर्त्याच्या हातात येणार असेल तर ‘बॉरो’, कर्त्याच्या हातातून जाणार असेल तर ‘लेंड’. त्या मुलाच्या वाक्यात कर्ता ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ असा होता, आणि माइक आमच्या हातात यावयाचे होते. म्हणून ‘वी वुड लाइक टु बॉरो’ हेच योग्य. त्याला ‘लेंड’ वापरावयाचेच होते तर कर्ता बदलावयास हवा होता : ‘कुड यू लेंड अस टू माइक्स?’ म्हणजे ‘आपण आम्हांस दोन माइक द्याल का?’ दोन्ही वाक्ये एकाच विनंतीची आहेत. एकात घेणारा कर्ता आहे, दुसऱ्यात देणारा.

मराठी वाक्यात हा कर्ता बहुधा दडून बसलेला असतो, ही आणखी एक गोम आहे. ‘आम्हांला दोन माइक हवे आहेत’, ‘दोन माइक उसने मिळतील का?’ अशी आपली विनंतीची भाषा असते. त्यात कोण देतो आणि कोण घेतो हे व्याकरणाने सांगावे लागत नाही, ते प्रसंगावरून कळते. इंग्रजीत वाक्य सुरू करतानाच ‘आय’ की ‘यू’ हे ठरवावे लागते. ते ठरवण्यापूर्वीच क्रियापद मनात आलेले असेल, तर कर्ता आणि क्रियापद यांची चुकीची गाठ पडते.

पुढे येणारा लहान शब्दही पडताळ्यासाठी उपयोगी पडतो. ‘बॉरो’नंतर वस्तू आणि मग ‘फ्रॉम’ येते, कारण वस्तू कोणाकडून तरी घ्यावयाची असते. ‘लेंड’नंतर वस्तू आणि मग ‘टु’ येते, कारण ती कोणाला तरी द्यावयाची असते. माणसाचे नाव आधी आले तर ‘टु’ गळते : ‘लेंड मी द बुक’. ‘बॉरो’ला ही सवलत नाही, ‘बॉरो मी द बुक’ म्हणता येत नाही. आपल्या ई-मेलमध्ये ‘लेंड’ आणि ‘फ्रॉम’ हे शेजारी दिसले, तर दोहोंपैकी एक चुकलेला आहे असे खुशाल समजावे. त्या मुलाच्या ई-मेलमध्ये ‘फ्रॉम यू’ एवढे दोन शब्द असते, तरी वाचणारा अडखळला असता.

ग्रंथालयाच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळीच तऱ्हा रूढ झाली आहे. ‘मी ग्रंथालयातून पुस्तक इश्यू केले’ असे मुले मराठीत बोलतात आणि तेच इंग्रजीत लिहितात : ‘आय इश्यूड धिस बुक ऑन मंडे’. ‘इश्यू’ करणे हे ग्रंथपालाचे काम आहे. तो पुस्तकाची नोंद करून ते वाचकाच्या स्वाधीन करतो. वाचक ‘बॉरो’ करतो. पुस्तक हरवल्याची तक्रार लिहिताना ‘आय इश्यूड’ असे लिहिले, तर नोंदवहीच्या पलीकडे बसलेल्या माणसाने लिहिल्यासारखे वाटते. भारतातील ग्रंथपालाला ते समजेल, कारण तो रोज तेच ऐकतो. परदेशातील विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याने मात्र ते जपून लिहावे.

‘बॉरो’ला स्वतःची एक मर्यादा आहे, तीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जी वस्तू उचलून नेता येते आणि परत करता येते, तिला ‘बॉरो’ शोभते. समोरच्याच्या टेबलावरील संगणकावर दहा मिनिटे बसून अर्ज भरावयाचा असेल तर ‘यूज’ म्हणावे, ‘बॉरो’ म्हटल्यास संगणक उचलून नेण्याची परवानगी मागितल्यासारखे होईल. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर मात्र इंग्रजीतही ‘बॉरो’च असते. तीच साखर परत येत नाही, तेवढी येते, आणि दोन्ही भाषांनी हा शेजारधर्म सारखाच मान्य केलेला दिसतो.

इंग्रजी भाषा दिशेच्या बाबतीत नेहमीच इतकी काटेकोर असते असेही नाही. भाड्याच्या व्यवहारात तिने आपल्यासारखेच केले आहे. ‘रेंट’ म्हणजे भाड्याने घेणे आणि ‘रेंट’ म्हणजे भाड्याने देणेही. देण्याची बाजू स्पष्ट करावयाची असेल तर मागे ‘आउट’ जोडतात. ‘वी रेंटेड द हॉल’ एवढेच वाक्य पाहून सभागृह कोणाच्या मालकीचे आहे ते सांगता येत नाही. अशा जागी मराठी ‘घेतले’ आणि ‘दिले’ अधिक स्वच्छ आहेत.

आता ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’. येथे मराठीची स्थिती अगदी निराळी आहे, कारण आपल्याकडे ‘आणणे’ आणि ‘नेणे’ अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत आणि लहान मूलही त्यांत चुकत नाही. मग इंग्रजीत आपण का चुकतो? माझ्या समजुतीप्रमाणे दोष ‘घेऊन’ या शब्दाचा आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘आणतो’ याऐवजी ‘घेऊन येतो’ आणि ‘नेतो’ याऐवजी ‘घेऊन जातो’ असे पुष्कळदा म्हणतो. शाळेत ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ हे फार लवकर पाठ झालेले असते. त्यामुळे ‘घेऊन येतो’ मनात आले की त्यातील ‘घेऊन’ पुढे धावते आणि लेखणीतून ‘टेक’ उतरते. रजेवर नांदेडला घरी गेलेला विद्यार्थी शाळेला कळवतो : ‘आय विल टेक माय मेडिकल सर्टिफिकेट ऑन मंडे’. त्याला म्हणावयाचे असते, सोमवारी येताना प्रमाणपत्र घेऊन येईन. वाचणाऱ्याला वाटते, सोमवारी तो प्रमाणपत्र कोठून तरी, बहुधा दवाखान्यातून, घेणार आहे. मग ते शाळेत केव्हा पोहोचणार हा प्रश्न तसाच राहतो.

यावरचा उपाय मराठीतच आहे. वाक्य आधी मनात मराठीत पूर्ण म्हणावे आणि ‘घेऊन’ सोडून दुसऱ्या क्रियापदाकडे पाहावे. दुसरे क्रियापद ‘येणे’ असेल तर इंग्रजीत ‘ब्रिंग’ आणि ‘जाणे’ असेल तर ‘टेक’. ‘प्रमाणपत्र घेऊन येईन’ म्हणून ‘आय विल ब्रिंग’. ‘आजोबांना दवाखान्यात घेऊन जायचे आहे’ म्हणून ‘आय हॅव टु टेक माय ग्रँडफादर टु द हॉस्पिटल’. रजेच्या अर्जात हे दुसरे वाक्य मुले नेहमी लिहितात, आणि तेथे ‘ब्रिंग’ लिहिले तर लिहिणारा रुग्णालयात बसून अर्ज करतो आहे असे चित्र उभे राहते.

ई-मेलमध्ये मात्र एक अवघड जागा आहे. समोरासमोर बोलताना ‘येथे’ एकच असते. ई-मेलमध्ये ती दोन असतात. लिहिणारा एका गावी, वाचणारा दुसऱ्या गावी. अशा वेळी ‘ब्रिंग’ कोणाच्या दिशेने? इंग्रजीची रीत अशी की, वस्तू जेथे पोहोचणार तेथे लिहिणारा किंवा वाचणारा असेल, किंवा ती पोहोचेल त्या वेळी असणार असेल, तर ‘ब्रिंग’. तेथे दोघांपैकी कोणीच नसेल तर ‘टेक’. म्हणजे ‘ब्रिंग’ला ओढून घेणारी ठिकाणे दोन आहेत. आणि म्हणूनच नुसते ‘विल ब्रिंग’ लिहून गंतव्यस्थान वगळले, तर वाचणारा ते स्वतःचेच ठिकाण आहे असे साहजिकपणे धरतो. ‘अवर बॉय विल ब्रिंग देम ऑन फ्रायडे मॉर्निंग’ या वाक्यात व्याकरणाचा दोष शोधूनही सापडणार नाही. लिहिणाऱ्याच्या मनात माइक महाविद्यालयातून संस्थेकडे येत होते, आणि तो संस्थेत बसला होता, म्हणून त्याच्या दृष्टीने ‘ब्रिंग’ बरोबर होते. वाचणारा महाविद्यालयात बसला होता, म्हणून त्याच्या दृष्टीने माइक महाविद्यालयाकडे येत होते. अशा प्रसंगी दोन्ही क्रियापदे बाजूला ठेवून ‘कलेक्ट’ लिहावे हे बरे : ‘अवर बॉय विल कलेक्ट देम फ्रॉम युअर ऑफिस’. ‘कलेक्ट’ म्हणजे तेथे जाऊन ताब्यात घेणे. त्यात ठिकाणाचा घोटाळा होण्यास वाव नाही.

तिसऱ्या ठिकाणाचे एक उदाहरण पाहू. वसतिगृहातील मुलगी गावी वडिलांना लिहिते की, अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. ती वसतिगृहात आहे, वडील घरी आहेत, तहसील कार्यालय तिसरीकडे आहे. येथे ‘प्लीज टेक द फॉर्म टु द तहसील ऑफिस’ हेच योग्य. पण ती स्वतः त्या दिवशी थेट तहसील कार्यालयात वडिलांना भेटणार असेल, तर तेच वाक्य ‘प्लीज ब्रिंग द फॉर्म’ असे होईल. मराठीतही आपण नेमका हाच फरक करतो : ‘अर्ज तहसीलला घेऊन जा’ आणि ‘तहसीलला येताना अर्ज घेऊन या’. सहलीचेही तसेच. सर्वांनी मिळून जावयाचे असेल तर ‘शाल आय ब्रिंग माय कॅमेरा?’ असे विचारतात, कारण जेथे कॅमेरा पोहोचणार तेथे वाचणाराही असणार आहे. अमेरिकेत या जोडीच्या बाबतीत बरीच सैल वागणूक आढळते, आणि ‘टेक’च्या जागी ‘ब्रिंग’ सर्रास ऐकू येते. ऐकताना ते समजून घ्यावे, लिहिताना आपण आपली रीत सोडू नये असे माझे मत आहे.

जाता जाता एक गंमत. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ हा शब्द उंबऱ्यावर अशुभ वाटतो. ‘घेऊन येणे’ आणि ‘घेऊन जाणे’ यांची वर सांगितलेली कसोटी या एका निरोपाच्या वाक्याला लावू नये. तेथे ‘येतो’चा अर्थ जातो असाच आहे.

‘टेक’चा विषय निघालाच आहे तर परीक्षेचा उल्लेख टाळता येत नाही, कारण येथे दोन भाषा एकमेकींच्या थेट विरुद्ध उभ्या आहेत. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी परीक्षा देतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो किंवा ‘कंडक्ट’ करतो. ‘आय विल गिव्ह द एक्झाम इन मार्च’ हे वाक्य भारतात सर्वत्र चालते आणि कोणाला खटकत नाही. परंतु परदेशी वाचकाला ते परीक्षकाचे वाक्य वाटते. उलट एखाद्या शिक्षकाने लिहिले की, ‘आय टुक द एक्झाम ऑफ नाइन्थ स्टँडर्ड’, तर शिक्षकानेच नववीची परीक्षा दिली असा अर्थ होतो. मला विचाराल तर मराठीचा दृष्टिकोन अधिक समंजस आहे. विद्यार्थी काहीतरी देतो खराच, उत्तरे देतो. पण इंग्रजी लिहिताना इंग्रजीचे ऐकावे लागते.

उरली ‘से’ आणि ‘टेल’ ही जोडी. ‘युअर क्लार्क सेड मी’ हे वाक्य मराठी माणसाच्या हातून इतक्या सहजतेने का घडते, ते पाहण्यासारखे आहे. ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ ही आपली दोन क्रियापदे आहेत, आणि ज्याला उद्देशून बोलावयाचे त्याला दोन्हींजवळ एकच प्रत्यय लागतो : ‘तो मला म्हणाला’, ‘त्याने मला सांगितले’. ‘मला’ दोन्हीकडे तेच. इंग्रजीने येथे दोन वेगळ्या वाटा केल्या आहेत. ‘टेल’च्या पाठीला माणूस लगेच चिकटून येतो, मध्ये काहीही नाही : ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला माणसाची गरजच नसते. त्याला बोललेले शब्द किंवा बोललेली गोष्ट हवी असते : ‘ही सेड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’. माणूस आणावयाचाच असेल तर ‘टु’च्या दारातून आणावा लागतो : ‘ही सेड टु मी’.

म्हणून दोन चुका आरशातल्या प्रतिमेसारख्या समोरासमोर दिसतात. एकीत ‘से’पाशी माणूस विनाकारण येतो : ‘ही सेड मी’. दुसरीत ‘टेल’पाशी माणूस यावयास हवा तो येत नाही : ‘द क्लार्क टोल्ड दॅट द फी इज रिफंडेबल’. दुसरी चूक कमी टोचते, पण कार्यालयीन ई-मेलमध्ये तीच अधिक दिसते. कोणाला सांगितले? मला, आम्हांला, की पालकांना? ‘टेल’ लिहिले की ही जागा भरावी, भरावयाची नसेल तर ‘से’ लिहावे. ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’ ही दोन क्रियापदे दिसावयास ‘टेल’सारखी वाटतात, पण वागतात ‘से’सारखी. ‘प्लीज एक्सप्लेन मी’ हे म्हणून चुकते, ‘प्लीज एक्सप्लेन इट टु मी’ असे हवे.

कर्मणी रचनेत हा भेद फार उपयोगी पडतो. ज्याने सांगितले त्याचे नाव घ्यावयाचे नसते, अशी वेळ पत्रव्यवहारात नेहमी येते. मराठीत आपण ‘मला असे सांगण्यात आले की’ असे लिहितो. इंग्रजीत ‘आय वॉज टोल्ड दॅट’ लिहावे. ‘आय वॉज सेड’ अशी रचना इंग्रजीत नाही. ‘इट इज सेड दॅट’ ही आहे, पण तिचा अर्थ ‘असे म्हणतात की’ असा होतो, म्हणजे लोकांमध्ये बोलवा आहे. शुल्क परत मिळण्याविषयी कार्यालयाला लिहिताना ‘इट इज सेड दॅट द फी इज रिफंडेबल’ असे लिहिले, तर आपण अधिकृत माहितीला गावगप्पांच्या पंक्तीत बसवतो, आणि समोरच्याला उत्तर देण्याचे बंधन वाटत नाही. ‘आय वॉज टोल्ड अॅट युअर काउंटर ऑन सिक्स्थ जून’ असे लिहिले की तेच वाक्य साक्षीसारखे उभे राहते.

कागद मात्र ‘टेल’ करण्यापेक्षा ‘से’ करणे अधिक पसंत करतात. सूचनाफलकावर जे लिहिलेले असते ते आपण ‘इन द नोटीस इट इज रिटन दॅट’ असे लांबवून लिहितो, कारण मराठीत ‘सूचनेत लिहिले आहे’ असे म्हणतो. ‘द नोटीस सेज’ एवढे पुरते.

‘टेल’मध्ये हुकूमाची छटाही आहे, जशी आपल्या ‘सांगणे’मध्ये आहे. ‘त्याने मला थांबायला सांगितले’ हे ‘ही टोल्ड मी टु वेट’ असे होते, आणि त्यात सांगणाऱ्याला तसे सांगण्याचा अधिकार होता असे गृहीत असते. विनंती होती असे दाखवावयाचे असेल तर ‘आस्क्ड’ हवे. मुख्याध्यापकांना लिहिताना ‘आय टोल्ड यू टु साइन माय फॉर्म’ असे कोणी लिहिले, तर त्यांच्या भुवया वर जातील हे निश्चित. याच कारणाने ‘प्लीज टेल मी द डेट’ हेदेखील वरिष्ठांना जरा कोरडे लागते. मराठीत अशा जागी आपण ‘सांगावे’ ऐवजी ‘कळवावे’ लिहितो. तोच मान इंग्रजीत ‘प्लीज लेट मी नो’ राखते.

काही रूढ प्रयोग नियमात बसत नाहीत आणि ते तसेच पाठ करावे लागतात. खरे आणि खोटे दोन्ही ‘टेल’ होतात : ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’. गोष्ट ‘टेल’ होते. घड्याळ पाहून वेळ सांगणे तेही ‘टेल’. दोन वस्तूंतील फरक ओळखणे यालाही ‘टेल द डिफरन्स’ म्हणतात. यांत माणसाचे नाव नसले तरी चालते. ‘टेल’चा फार जुना अर्थ मोजणे असा होता. बँकेत खिडकीमागे पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते त्यामुळेच. पाठांतरात या गोष्टीने काही हलके होते की नाही ठाऊक नाही, पण मुलांना ती आवडते. कपडे शिवणारा शिंपी आणि हा बँकेतील टेलर वेगळे, हेही मग सांगावे लागते.

शिक्षक म्हणून माझी एक तक्रार आपल्याच पद्धतीविषयी आहे. आपण ही जोडपी फळ्यावर शेजारी लिहून, एकाच तासाला, एका दमात शिकवतो. ‘बॉरो’ म्हणजे हे, ‘लेंड’ म्हणजे ते. मुले जोडी लक्षात ठेवतात आणि कोणते कोणाचे तेवढे विसरतात. अलीकडे मी प्रथम केवळ ‘बॉरो’ शिकवतो, तेही ‘कुड आय बॉरो’ या पूर्ण तुकड्यात, आणि दोन-तीन आठवडे वर्गात ‘लेंड’ उच्चारतच नाही. वर्गातील पेन, पट्टी, वही यांची देवघेव त्या एका वाक्याने होते. ते जिभेवर बसले की मग ‘कुड यू लेंड मी’ आणतो. चुका नाहीशा झाल्या असे म्हणणार नाही, पण चुकल्यावर मुले स्वतः थांबतात एवढे खरे.

त्या माजी विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयाला पुन्हा लिहिले. या वेळी ई-मेल पाठवण्यापूर्वी त्याने तो मला वाचून दाखवला, आणि मला त्यात काहीच बदलावे लागले नाही :

‘वी वुड लाइक टु बॉरो टू माइक्स अँड वन स्पीकर फ्रॉम यू फॉर टू डेज. अवर बॉय विल कलेक्ट देम फ्रॉम युअर ऑफिस ऑन फ्रायडे मॉर्निंग, अँड वी विल ब्रिंग देम बॅक टु यू ऑन मंडे. युअर क्लार्क टोल्ड मी अबाउट द डिपॉझिट. प्लीज लेट मी नो व्हेदर वी शुड पे इट इन कॅश.’

उत्तर त्याच दिवशी आले. अनामत रोखीने चालेल, मुलाने अकराच्या आत यावे, आणि स्पीकरची वायर थोडी सैल आहे तेवढी सांभाळावी, असे त्यात लिहिले होते.